सहाशे पानांचं लग्न: मधुमेह आणि ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांसाठी जेवण गाजावाजा न करता कसं बदलावं

लग्नाच्या जेवणात मधुमेहाची आणि ॲलर्जीची सोय एकाच पद्धतीनं करायला गेलं की दोन्हीकडे घोळ होतो. मधुमेहाचा प्रश्न मापाचा आहे. किती भात, किती गोड आणि किती वाजता, यावर सगळं ठरतं. ॲलर्जीचा प्रश्न कणाचा आहे. ज्या पोराला शेंगदाणा चालत नाही, त्याला चमचाभर कूट आणि कूट ढवळलेल्या पळीला चिकटलेला अंश हे दोन्ही सारखेच. म्हणून मधुमेहासाठीचा बदल सगळ्या पंगतीच्या पानात गुपचूप करता येतो. ॲलर्जीत मात्र स्वयंपाकघरातली तयारी गुपचूप चालते, पण त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना प्रत्येक पदार्थात काय आहे ते स्पष्ट सांगावंच लागतं.

उदाहरण म्हणून सांगली-मिरज रस्त्यावरच्या एखाद्या मंगल कार्यालयातलं सहाशे पानांचं लग्न घेऊ. पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 40 मिनिटांचा. यजमानांनी सांगितलेला बेत नेहमीचाच: मसालेभात, पुरी, वांग्याची रस्साभाजी, अख्खा मसूर, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, पापड-कुरडई, वरण-भात, जिलेबी आणि मठ्ठा. सकाळी वऱ्हाडाला पोहे. पाहुण्यांत मधुमेहाची ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, नवरीच्या मावसबहिणीच्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि मुलाकडच्या एका तरुणीला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन तिला अजिबात चालत नाही.

माहिती कशी काढायची

"कुणाला काही पथ्य आहे का?" असं यजमानांना विचारलं तर "छे, तसं काही नाही" हेच उत्तर येतं. ते खोटं बोलत नसतात, कार्याच्या धांदलीत त्यांना आठवत नाही. म्हणून दहा दिवस आधी दोन्हीकडच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला त्यांना तयार मजकूर द्या: "जेवणात शेंगदाणा, काजू, तीळ, दूध, गहू यांपैकी काही खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असा त्रास कुणाला होत असेल, तर नाव आणि फोन नंबर कळवा. जेवणाच्या वेळेनुसार इन्सुलिन किंवा गोळी घ्यावी लागते अशा ज्येष्ठांचीही संख्या कळवा, नावं नकोत." मधुमेहाची नावं मागायची नाहीत, कारण आकडा पुरतो. ॲलर्जीचं नाव आणि नंबर हवाच.

नंबर आला की केटररनं स्वतः फोन करायचा, मध्ये यजमान नकोत. बोलणं एवढंच असतं:

"वहिनी, पोराला शेंगदाणा खाल्ल्यावर नेमकं काय होतं?"

"ओठ सुजतात. मागच्या वर्षी चिक्कीचा तुकडा खाल्ला तर श्वासच अडकला होता."

"फुटाणं, हरभऱ्याची डाळ खातो का? तीळ, खोबरं?"

"ते सगळं खातो. तिळाचा लाडू आवडतो त्याला."

"इंजेक्शन दिलंय का डॉक्टरांनी? त्या दिवशी बरोबर आणाल ना?"

या पाच ओळींतून बेताचे निम्मे निर्णय होतात. श्वास अडकला होता म्हणजे प्रकरण गंभीर आहे, कणभरही चालणार नाही. फुटाणे चालतात म्हणजे कुटाच्या जागी डाळं वापरता येईल. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना दुसऱ्या कडधान्यांचाही त्रास होतो, त्यामुळे हा प्रश्न विचारल्याशिवाय डाळं वापरायचं नाही.

"दूध चालत नाही" असं कुणी कळवलं, तर दही-ताक चालतं का ते विचारा. ताक चालत असेल तर बहुधा दुधातली साखर पचत नाही एवढंच, आणि मठ्ठा देता येतो. घोटभर ताकानंही अंगावर पित्त उठत असेल तर ती ॲलर्जी, मग तूपसुद्धा बाद.

शिध्याच्या यादीतून शेंगदाणा काढणं

आपल्या भागात शेंगदाणा कुठं नसतो हे शोधणं सोपं. पोह्यात, कोशिंबिरीत, वांग्याच्या रश्शात, चटणीत तो असतोच. तळणाला शेंगतेल असतं. रात्री मंडळींना चहाबरोबर भडंग दिलं तर त्यातही असतो. हे सगळं ठेवून पोराचं एक ताट सांभाळणं अवघड आहे. सुकी चटणी वाढताना उडते, वाढप्याच्या बोटांना राहते, आणि तोच हात पुढच्या बादलीच्या दांड्याला लागतो. म्हणून इथं सगळ्यात हुशारीचा निर्णय म्हणजे शेंगदाणा कोठीतच येऊ द्यायचा नाही. सहाशे माणसांतल्या कुणालाही हा बदल कळत नाही, फक्त कुटाची चव भरून काढावी लागते.

कोशिंबिरीत कुटाऐवजी ओलं खोबरं आणि जिरं-मिरचीची फोडणी घाला. शेंगदाण्याच्या चटणीऐवजी लसूण-खोबऱ्याची चटणी पानावर वाढा, ती आपल्याकडे कुणाला परकी वाटत नाही. पोह्यात मटार घाला.

वांग्याच्या रश्शाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. दहा किलो वांग्यांना साधारण एक किलो कूट जातो. त्याजागी 600 ग्रॅम सुकं खोबरं खमंग भाजून, 300 ग्रॅम डाळ्याचं पीठ, आणि नेहमीपेक्षा दोन किलो जास्त कांदा तपकिरी होईपर्यंत परतून वाटून घ्या. यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. डाळ्याचं पीठ गार होताना कुटापेक्षा जास्त घट्ट होतं, त्यामुळे चुलीवर बरोबर दिसलेला रस्सा दुसऱ्या पंगतीपर्यंत पिठल्यासारखा होतो. पीठ शेवटच्या दहा मिनिटांत पाण्यात कालवून घाला, नाहीतर ते तळाला लागतं, आणि दीड-दोन लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवा. दुसरं म्हणजे कुटाला स्वतःचं तेल सुटतं, डाळ्याला सुटत नाही. म्हणून तवंग दिसत नाही आणि लोकांना भाजी कोरडी वाटते. फोडणीत पाव किलो तेल जास्त धरलं की रंग आणि तर्री दोन्ही येतात.

तेल बदलायला हवं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिनाचा अंश फारच थोडा उरतो, पण लाकडी घाण्याच्या तेलात तो असतो आणि त्रास प्रथिनामुळेच होतो. कार्यालयात आलेला डबा कुठल्या प्रकारचा हे भर धांदलीत कुणी बघत नाही. सगळं तळण सूर्यफुलाच्या तेलात करा. तळल्यानं किंवा भाजल्यानं शेंगदाण्याचा दोष जातो हा समज चुकीचा आहे, भाजलेला शेंगदाणा उलट जास्त त्रास देऊ शकतो.

बाहेरून येणारी पाकिटं वाचून घ्यायची. पाकिटावर शेंगदाणा, काजू-बदाम, सोयाबीन, दूध, अंडी, मासे, ग्लुटेन असलेली धान्यं यांचा उल्लेख ठळकपणे करायचा नियम आपल्याकडे आहे, पण त्या सक्तीच्या यादीत तीळ नाही. तिळाची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल तर घटकांची बारीक अक्षरं वाचावी लागतात, आणि कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतातच असं धरून चाला. मसालेभातात किंवा शिऱ्यात तासगावचे पिवळे बेदाणे जाणार असतील तर दम्याच्या पाहुण्यांची चौकशी करा. पिवळा रंग टिकावा म्हणून बेदाण्यांना गंधकाची धुरी दिलेली असू शकते आणि दमा असलेल्या काहींना त्याचा त्रास होतो.

दोन डब्यांचं वेगळं स्वयंपाकघर

शेंगदाणा कोठीतून गेला तरी मुलाचं जेवण वेगळंच शिजवायचं. मसाले, पापड, जिलेबीचं सामान बाहेरून येतं आणि त्याची हमी केटरर देऊ शकत नाही. सिलिअॅक असलेल्या तरुणीचं तर वेगळं करावंच लागतं, कारण सहाशे पानांच्या पुऱ्या होतात तिथं गव्हाचं पीठ हवेत असतं.

कणीक मळायची जागा आणि भट्टी यांपासून लांब, दार लागणारी एक खोली घ्या. दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचं एक पातेलं, एक लहान कढई, छोटा कुकर, दोन पळ्या, सुरी, विळी आणि झाकणाचे दोन स्टीलचे डबे पुरतात. प्रत्येक भांड्याच्या कानाला आणि पळीच्या दांड्याला लाल सुतळी बांधा. लाल सुतळीचं भांडं बाहेर दिसलं की कुणीतरी ते वापरलंय हे लांबूनच कळतं. नवी भांडी घ्यायची गरज नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं नीट घासलेली चालतात. लाकडी उलथणं किंवा पोळपाट मात्र नको, त्याच्या भेगांत जुनं पीठ राहतं. हे काम एकाच मदतनिसाकडे द्या आणि डबे पोचते होईपर्यंत त्याला दुसरं काम सांगू नका. हात साबणानंच धुवायचे. सॅनिटायझरनं जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं.

दोघांनाही चालेल असा एकच बेत करणं सोयीचं: साधा भात, मुगाचं वरण, बटाट्याची किंवा फ्लॉवरची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि गोड म्हणून तांदळाची खीर. तांदूळ आणि डाळ सीलबंद पाकिटातली घ्या, सुट्या पोत्यातली नको, कारण दुकानातलं एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं.

सिलिअॅकमध्ये तीन ठिकाणी चूक होते. पहिली हिंगात. बाजारातलं बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे फोडणीला हिंग न घालता लसूण-जिरं घाला. दुसरी कुरडईत. आपली कुरडई गव्हाचीच असते, पण कुरकुरीत पांढरी दिसते म्हणून वाढप्याला ती तांदळाची वाटते. उडदाच्या पापडातही हिंग असतं, आणि ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यातच पापड तळले तर ते तेलही गव्हाचंच झालं. तिसरी चूक भाकरीची. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, पण ज्या गिरणीत तासाभरापूर्वी गहू दळला तिथून आलेल्या ज्वारीच्या पिठात गहू असतोच. ग्लुटेनमुक्त म्हणवायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, आणि गिरणीच्या जात्यात उरलेलं पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. ग्लुटेनमुक्त असा छाप असलेलं पाकीट मिळालं तर त्याची भाकरी करा, नाहीतर ताटात भाकरी ठेवूच नका.

डबे सकाळी घाईनं करून ठेवू नका. साडेअकराला स्वयंपाक सुरू करून साडेबाराला डबे भरले तर ते पंगतीपर्यंत गरम राहतात. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं असतं, त्यामुळे डबे झाकणाच्या हॉटपॉटमध्ये ठेवा. डब्यावर नाव, आत काय आहे आणि काय नाही ते मार्करनं लिहा. त्याच खोलीत अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ वेगळी बांधून ठेवा. डबा सांडला, झाकण बदललं किंवा नुसती शंका आली तरी कुकरला वीस-पंचवीस मिनिटांत खिचडी होते. ही सोय असली की शंका आलेला डबा टाकून द्यायला मन कचरत नाही.

मधुमेहासाठी: आधी वेळ, मग माप

मधुमेहाच्या पाहुण्यांसाठी जिलेबीआधी बघायची गोष्ट म्हणजे घड्याळ. पत्रिकेत 12:40 चा मुहूर्त असला तरी अक्षता, हार, आहेर होऊन पहिली पंगत बसायला पावणेदोन होतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन सकाळी आठला थोडे पोहे खाल्लेल्या माणसाची साखर तोवर घसरू शकते. मांडवात साखर वाढण्यापेक्षा ती एकदम कमी होण्याचा धोका जास्त तातडीचा आहे.

म्हणून यजमानांकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. साडेअकराला "ज्येष्ठांसाठी" म्हणून मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर आणि मठ्ठा सभागृहातच फिरवायचा, सगळ्यांना. आणि अक्षता पडल्या की पहिली पंगत ज्येष्ठांची. वडीलधाऱ्यांना आधी बसवणं हा आपला रिवाजच आहे, त्यामुळे कुणालाच आपण आजारी म्हणून वेगळे काढले गेलो असं वाटत नाही. शिवाय जेवणाची खरी वेळ यजमानांमार्फत आधी कळवा. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्याला पत्रिकेतल्या वेळेपेक्षा पान मांडायची वेळ कळणं गरजेचं असतं. डोस किती आणि केव्हा हे त्याचं आणि त्याच्या डॉक्टरांचं, त्यात केटररनं पडायचं नाही.

आता माप. नेहमीच्या पानात अडीचशे ग्रॅम मसालेभात, चार पुऱ्या, चाळीस-चाळीस ग्रॅमच्या तीन जिलेब्या आणि शेवटी वरण-भात झाला, तर ढोबळ मानानं दोनशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं होतात. तेच पान शंभर ग्रॅम मसालेभात, एक बेताची ज्वारीची भाकरी, भरपूर कोशिंबीर, मोठी वाटी अख्खा मसूर आणि वीस ग्रॅमची एक जिलेबी असं वाढलं तर आकडा शंभराच्या आसपास येतो. पोट दोन्हीनं भरतं आणि मसालेभात, जिलेबी दोन्ही पानावर असतातच.

हा फरक पडतो ओगराळ्यामुळे. मसालेभातात भाज्या वाढवल्या की काम झालं असं वाटतं. किलोभर तांदळाला किलोभर तोंडली, फ्लॉवर, मटार घातले तर भात चवीला उत्तमच होतो, पण वाटीमागे तीन-चार ग्रॅमच कर्बोदकं कमी होतात. ओगराळं बदललं तर एका वाढण्यात तीस ग्रॅमपेक्षा जास्त कमी होतात. म्हणून मसालेभाताच्या बादलीत शंभर ग्रॅमचं ओगराळं आणि मसुराच्या बादलीत दीडशेचं ठेवा. आदल्या दिवशी वजनकाट्यावर दोन्ही भरून बघा, कारण दिसायला सारखी असलेली ओगराळी पन्नास ग्रॅमनं वेगळी निघतात. शिधाही त्याप्रमाणे फिरवायचा: सहाशे पानांना तांदूळ 45 किलोऐवजी 36 किलो, आणि मसूर 24 किलोऐवजी 28 किलो. भाकरीचं पीठ नवं धरावं लागतं, साधारण दोनशे भाकऱ्यांचं, कारण पुरी सोडून भाकरी घेणारे ज्येष्ठांपलीकडेही निघतात.

ज्वारीची भाकरी म्हणजे साखर वाढतच नाही, हे मात्र खरं नव्हे. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत पस्तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. भाकरीचा फायदा असा की ती एकात थांबते, पुरी चार-पाचांवर जाते आणि तिच्याबरोबर तेलही जातं.

लपलेली साखर काढणं सोपं आहे. मठ्ठ्यात साखर न घालता आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं आणि मीठ घाला, पण त्यासाठी ताक ताजं हवं, आंबट ताकात साखर घालावीच लागते. कोशिंबिरीतली साखर सोडून द्या. वांग्याच्या रश्शातला गूळ काढला तर चिंचही निम्म्यावर आणा, नाहीतर भाजी नुसती आंबट लागते आणि कुणीतरी आचारी शेवटी परत गूळ टाकतो. गूळ साखरेपेक्षा बरा, हा गैरसमज स्वयंपाकघरात फार पक्का आहे. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं दोन्ही जवळपास सारखेच.

जिलेबी ठेवायची. फक्त रुमालाचं भोक बारीक करून तीन वेढ्यांची, वीस ग्रॅमची पाडायची. पाकात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. बारीक जिलेबी लवकर मऊ पडते, त्यामुळे एकदम तळून न ठेवता पंगतीगणिक घाणे काढा. 72 किलोच्या जागी 42 किलो पुरते, त्यात दुसऱ्यांदा मागणाऱ्यांचंही धरलेलं असतं.

शुगर-फ्री मिठाईचं वेगळं टेबल लावू नये असं ठाम मत आहे. तिथं जाणारा प्रत्येक माणूस चारचौघांत आपला आजार सांगत जातो, म्हणून बरेचजण जातच नाहीत आणि जिलेबी घेतात. जे जातात ते बिनधास्त चार तुकडे खातात, पण त्यातला खवा आणि मैदा साखर वाढवतोच. त्यापेक्षा कमी गोड श्रीखंड सगळ्यांनाच द्रोणात चाळीस ग्रॅम द्या. एक किलो चक्क्याला नेहमीच्या 800 ग्रॅमऐवजी 300 ग्रॅम साखर, वेलची, जायफळ आणि केशर. चाळीस ग्रॅमात अठराऐवजी नऊ ग्रॅम साखर जाते. साखर कमी म्हणजे आंबटपणा झाकला जात नाही, म्हणून चक्का त्याच सकाळचा आणि पूर्ण निथळलेला हवा. शिवाय साखर कमी असल्यानं ते टिकतही कमी, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी संपवायचं.

वाढपी

पंगतीत कुठली बादली आधी निघते यानंही फरक पडतो. भाजी, डाळ, कोशिंबीर आधी पोटात गेली आणि भात-गोड मागून आलं, तर तेच जेवण साखर हळू चढवतं. पहिल्या पंगतीत चटणी-कोशिंबीर, मसूर, वांगं आणि मठ्ठा आधी वाढून पाच-सात मिनिटं जाऊ द्या, मग भाकरी-पुरी, मग मसालेभात, शेवटी गोड. जिलेबी आधी पानात पडली की माणूस तिथूनच सुरुवात करतो.

आग्रह हा आपल्या पंगतीचा जीव आहे आणि तो बंद करायची गरज नाही, फक्त वळवायचा. मसूर, कोशिंबीर, मठ्ठा यांचा आग्रह मनसोक्त करा. जिलेबीच्या ताटाबरोबर जाणाऱ्याला एकच सूचना: "मामा, जिलेबी?" एवढं विचारायचं, पानावर हात आडवा आला की पुढं सरकायचं. "एकानं काय होतंय" हे वाक्य त्या पंगतीत कुणी बोलायचं नाही. भाताला नको म्हणायला लागू नये म्हणून दुसऱ्यांदा भात मागणाऱ्यालाच वाढायचा.

मुलाच्या आणि तरुणीच्या डब्याला वाढप्यांनी हात लावायचा नाही. तो मदतनीसच ताट घेऊन जातो, आईच्या हातात देतो, काय काय आहे ते बोलून दाखवतो आणि सांगतो, "वहिनी, यातलंच खाऊ द्या, पंगतीतलं काही नको." सोयीची जागा म्हणजे ओळीच्या टोकाला, आईच्या शेजारी. मध्ये बसलं की दोन्हीकडून कुणाचातरी घास येतो.

जिथं हमखास फसतं

दुसऱ्या पंगतीला कोशिंबीर कमी पडते आणि नवा मदतनीस जवळच्या दुकानातून तयार कूट आणतो. तेल संपतं आणि यजमानांच्या घरून शेंगतेलाचा डबा येतो. म्हणून काकडी आणि तेल हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त भरा, आणि कोठीच्या दारात एकच माणूस असा ठेवा की त्याला न विचारता बाहेरून आलेलं काही आत जाणार नाही. पंगतींच्या मध्ये भट्टीमागं एक फेरी मारून रिकामे डबे आणि पाकिटं बघा. तिथं अनोळखी डबा दिसला की काय घडलंय ते कळतं.

रुखवत केटररच्या हातात नसतं, आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू, चिक्की हमखास असते. मुलाच्या आईला ते आधीच सांगून ठेवा. आत्या-मावशी कौतुकानं पोराच्या तोंडात लाडू घालतात, तो क्षण स्वयंपाकघरातून थांबवता येत नाही.

त्रास झालाच तर

ज्येष्ठ माणसाला अचानक घाम सुटला, हात थरथरायला लागले, धडधड झाली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर कमी झाली असं समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवायला बसवा. जिलेबी किंवा श्रीखंड देऊ नका, तूप आणि दुधामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीच घालायचं नाही. साखरेचा डबा, पेला आणि चमचा पंगतीच्या हॉलमध्ये ठेवा, कोठीत नको.

खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगभर पित्त, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, उलट्या, चक्कर यांतली लक्षणं एकत्र दिसली तर ती गंभीर ॲलर्जी आहे. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन बरोबर असेल तर ते लगेच मांडीत द्यायचं. अंगावरच्या पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसू नका, त्या गोळीनं श्वास मोकळा होत नाही. 108 ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा सांगलीचं सिव्हिल, कार्यालयापासून कोणतं जवळ ते आदल्या दिवशी ठरवून, दारात एक गाडी ड्रायव्हरसह मोकळी ठेवा. लग्नाच्या दिवशी दारात गाड्यांची इतकी दाटी होते की आतली गाडी बाहेर काढण्यातच दहा मिनिटं जातात.

त्रास जेवणानंतर दोन तासांपर्यंत सुरू होऊ शकतो आणि एकदा ओसरून काही तासांनी पुन्हाही उलटू शकतो. त्यामुळे वेगळ्या डब्यातल्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना आणि वापरलेली सगळी रिकामी पाकिटं एका पिशवीत भरून रात्रीपर्यंत ठेवा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं होतं?", तर त्या पिशवीतून उत्तर देता येतं.